मेल पाठवला, साहेबांचं उत्तर आलं "नोटेड". मसुदा उलटा कसा करू?

केप्याची · 4 मे, रात्री 9.40

मी कुंकळ्ळीच्या एका मासळी फ्रीझिंग युनिटमध्ये ॲडमिन आणि खरेदी असं दोन्ही बघते. मालक मुंबईत असतात, महिन्यातून एकदा येतात, बाकी सगळं मेलवर. आमच्याकडे अमोनियाचे दोन कॉम्प्रेसर आहेत, त्यातला दोन नंबरचा कुरकुरतोय आणि त्याचा ओव्हरहॉल मासेमारी बंदीत व्हायला हवा, म्हणून मी 28 एप्रिलला चांगला तासभर बसून मेल लिहिला. उत्तर आलं, "नोटेड. कीप मी पोस्टेड." बस्स. मंजुरी नाही, नकार नाही, काहीच नाही.

प्लांट मॅनेजर म्हणाले तू मागितलंयस काय ते मला पण नाही कळलं, शेवटचं आधी लिही. आता शेवटचं आधी म्हणजे नक्की काय करायचं? मेल इंग्रजीतच जातो, इथे सगळ्यांना वाचता यावा म्हणून मराठीत टाकतेय, नावं काढलीत.

> विषय: कॉम्प्रेसरबाबत
>
> आदरणीय साहेब, फेब्रुवारीत आपण आला होता तेव्हा झालेल्या बोलण्याच्या संदर्भाने कळवते की 11 मार्चला रात्रपाळीच्या ऑपरेटरला दोन नंबरच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल कमी झालेलं दिसलं. तेल घातलं, पण चार दिवसांनी परत कमी झालं. पूर्वी आठवड्याला 1 लिटर लागायचं, आता 4 लिटर लागतं. त्यानंतर 20 मार्चला टेक्निशियनला बोलावलं, त्याने रिंग आणि व्हॉल्व्ह प्लेट झिजल्याचं सांगितलं व ओव्हरहॉल सुचवला. आम्ही दोन ठिकाणी कोटेशन मागवली. पहिलं यायला उशीर झाला कारण त्यांचा माणूस सुट्टीवर होता. दुसऱ्यांनी 3,40,000 दिलंय पण सुटे भाग सहा आठवड्यांनी मिळतील असं म्हणतात. पहिल्यांचं 3,85,000 आहे. दरम्यान ब्लास्ट फ्रीझरच्या बॅचला 8 तासांऐवजी 11 तास लागतायत. आपल्याला माहीत आहेच की 1 जूनपासून बंदी सुरू होते. कोटेशन 15 मेपर्यंत वैध आहे. दोन्ही कोटेशन सोबत जोडली आहेत. तरी वरील बाबींचा विचार करून योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.

---

पर्वरी_नाइटशिफ्ट · 4 मे, रात्री 10.05

सोप्पंय. वर तीन ओळींचा सारांश टाक, खाली हाच मेल तसाच ठेव. आमच्या अमेरिकन क्लायंटकडे याला ब्लफ म्हणतात, बॉटम लाइन अप फ्रंट. त्यांच्या लष्करातून आलेली पद्धत आहे, पत्रव्यवहाराच्या नियमावलीतच आहे, 25-50 नंबरची, की मुख्य मुद्दा सुरुवातीला लिहा. आम्ही रोज तेच करतो. बाकी डिटेल सगळं अटॅचमेंटमध्ये ढकल, मेल तीन ओळींच्या वर जाताच कामा नये.

---

फाइलवाले_काका · 4 मे, रात्री 10.31

ब्लफ म्हणजे आमच्याकडे थाप मारणे रे बाबा. 😄

बाय, तुझा मसुदा मला तरी व्यवस्थित वाटला. मी 31 वर्षं सरकारी खात्यात काढली, आधी पणजीला मग पर्वरीला. विषय, संदर्भ, मग हकीकत तारीखवार आणि शेवटी प्रस्ताव, "मंजुरीसाठी सादर". तारखा क्रमाने नसतील तर उद्या ऑडिटवाला विचारेल की 20 मार्चला टेक्निशियन आला तर कोटेशन कधी मागवलं, तेव्हा काय सांगशील? रेकॉर्ड हा रेकॉर्ड. साहेबांनी नीट वाचलं नाही यात तुझी चूक काय?

---

कुडचडे_फिटर · 4 मे, रात्री 10.48

तेल कुठलं घालता? आणि ऑइल सेपरेटर बघितला का कोणी? नुसतं तेल जास्त जातं म्हणून लगेच ओव्हरहॉल काढू नका. सेपरेटरचा फ्लोट अडकला तरी तेल परत येत नाही आणि पुढे सिस्टममध्ये जाऊन बसतं. ते आधी तपासा मग मेलबिल करा.

---

केप्याची · 4 मे, रात्री 10.55

@फिटर दादा, सेपरेटर बघितला, ठीक आहे. ओव्हरहॉल लागणारच, ते पक्कं आहे. माझा प्रश्न मेल कसा लिहायचा हा आहे हो. 🙏

---

वेर्णा_परचेस · 4 मे, रात्री 11.20

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणजे असे मेल मला येतात. दिवसाला साठ-सत्तर, त्यातले निम्मे मी फोनवरच बघते, लंचला किंवा गाडीत. म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

फोनवर उघडायच्या आधी मला काय दिसतं, तर तुझं नाव, विषयातले पहिले चार-पाच शब्द आणि मेलची पहिली ओळ अर्धीमुर्धी. तुझ्या बाबतीत ते झालं "कॉम्प्रेसरबाबत" आणि "आदरणीय साहेब, फेब्रुवारीत आपण आला होता". यातून मला काही करायचंय की नुसतं वाचायचंय ते कळत नाही. उघडलं तर पहिल्या स्क्रीनवर ऑपरेटर, तेल आणि टेक्निशियन. माणूस समजतो की ही प्रगतीची खबर देतेय, म्हणून लिहितो नोटेड. म्हणजे तुझ्या साहेबांनी नीट वाचलं आणि बरोबर उत्तर दिलं, मेल माहिती देणारा होता, माहिती पोचल्याचं त्यांनी कळवलं!

ज्या क्रमाने तुला कळत गेलं त्या क्रमाने तू लिहिलंयस. 11 मार्चला तेल, 20 मार्चला टेक्निशियन, मग कोटेशन. तुझ्यासाठी तो क्रम खरा आहे, साहेबांना तो चालून दाखवायची गरज नाही, त्यांना फक्त कुठे पोचलो ते हवंय.

आणि "योग्य ती कार्यवाही व्हावी" यात कोणी, काय, कधीपर्यंत, किती रुपयांचं, यातलं एकही नाही. माझा अनुभव असा की हे वाक्य माणूस तेव्हाच लिहितो जेव्हा नेमकं काय मागायचंय ते त्याने स्वतःच ठरवलेलं नसतं. म्हणून मसुदा उलटा करायच्या आधी एकच कर, कागदावर लिही, "साहेबांनी ____ करावं, ____ तारखेपर्यंत." ते भरता आलं तर पुढचं सोपं आहे.

@नाइटशिफ्ट वर सारांश टाकून खाली जुना मेल तसाच ठेवला तर ते दोन मेल होतात रे. वरती एक गोष्ट, खाली तीच परत वेगळ्या शब्दांत, आणि आकडा कुठे बदललेला असला तर वाचणारा अडकला. आणि फोनवर कोटेशनची पीडीएफ कोणी उघडत नाही, निदान मी तरी नाही. निर्णयाला लागणारा आकडा मेलमध्येच हवा, अटॅचमेंट फक्त पुराव्याला.

---

डेस्कवरचा · 5 मे, सकाळी 7.15

पणजीतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर 14 वर्षं बातम्या कापल्यात, म्हणून राहवत नाही. बातमीदार नवीन असला की हेच करायचा. ग्रामसभा सकाळी 10 ला सुरू झाली, सरपंचांनी स्वागत केलं, मग अमक्याने प्रश्न विचारला, आणि शेवटच्या ओळीत "यावेळी मेगा प्रकल्पाला विरोध करणारा ठराव मंजूर झाला". अरे बाबा, तोच तर इंट्रो! जाहिरात आली की पानावर जागा कमी पडते आणि आम्ही बातमी खालून कापतो, म्हणजे ठरावच उडायचा.

मेल कोणी कात्रीने कापत नाही, पण वाचणारा खालून सोडून देतोच. फरक एक आहे, बातमीच्या इंट्रोत काय झालं ते असतं, तुझ्या इंट्रोत काय हवं ते असायला पाहिजे. नाहीतर लोक पहिल्या ओळीत "कॉम्प्रेसर 2 मध्ये बिघाड" असं लिहून थांबतात, आणि तीही परत बातमीच झाली.

---

मोरजी_होमस्टे · 5 मे, सकाळी 9.02

माझं उलटं झालं होतं. डिसेंबरात एका पाहुण्याने दोन दिवस आधी बुकिंग रद्द केलं, रिफंड मागितला. मी असंच कुठेतरी वाचून पहिल्याच ओळीत लिहिलं, "रिफंड मिळणार नाही." कारणं खाली, नियमाची तारीख वगैरे सगळं. त्याने एक स्टार दिला आणि लिहिलं उर्मट मालक. त्यामुळे निष्कर्ष आधी वगैरे मला पटत नाही, निदान गोड बोलून मग सांगावं.

---

केप्याची · 5 मे, दुपारी 1.30

@वेर्णा_परचेस ताई, रिकाम्या जागा भरायला बसले आणि खरंच अडकले. आधी वाटलं "मंजुरी द्यावी". मग लक्षात आलं की नुसती मंजुरी देऊन काही होत नाही, वेंडर पीओ आणि 50 टक्के ॲडव्हान्स मिळाल्याशिवाय सुटे भाग मागवतच नाही. म्हणजे पैसे पण सुटायला हवेत. लंचमध्ये हे लिहिलं, बघा:

> विषय: अत्यंत तातडीचे – कॉम्प्रेसर
>
> साहेब, 12 मेपर्यंत ओव्हरहॉलसाठी 3.85 लाख मंजूर करून ॲडव्हान्स सोडावा, अन्यथा ऑगस्टमध्ये प्लांट बंद पडेल.
>
> - 11 मार्चला तेल कमी झालं
> - 20 मार्चला टेक्निशियन येऊन गेला
> - दोन कोटेशन आली
> - बॅचला 11 तास लागतात
> - बंदी 1 जूनपासून
> - कोटेशन 15 मेपर्यंत

---

वेर्णा_परचेस · 5 मे, संध्याकाळी 6.45

पहिल्यापेक्षा बरंच बरं आहे, आता मला कळलं तरी काय हवंय. पण यावर मी मंजुरी दिली नसती. का ते सांगते, रागावू नकोस.

"प्लांट बंद पडेल" हे तुला माहीत आहे की वाटतंय? एक कॉम्प्रेसर चालू राहणार ना? मग प्लांट बंद पडत नाही, क्षमता कमी होते. मालकाला आपला प्लांट माहीत असतो, त्याला हे वाक्य फुगवलेलं आहे हे लगेच कळतं आणि मग खालचे खरे आकडे पण तो संशयाने वाचतो. निष्कर्ष वर घेतला की तो एकटा उघडा पडतो, आधीच्या मसुद्यात तो हकिगतीच्या आड लपून जायचा. म्हणून वरचं वाक्य टोचून बघितलं तरी टिकेल असंच लिही.

दुसरं, 3.85 लाख जीएसटी धरून की सोडून? सोडून असेल तर 18 टक्क्यांनी 4,54,300 होतात आणि खात्यातून जाणारा आकडा तोच. इनपुट क्रेडिट नंतर मिळेल ते वेगळं. मी 3.85 ला हो म्हटलं आणि दोन दिवसांनी अकाउंट्सने 4.54 वर सही मागितली तर माझं डोकं फिरतं.

तिसरं, तारीख. कोटेशन 15 मेपर्यंत आणि तू मागतेस 12. तीन दिवस हातात ठेवलेस ते ठीक, पण तसं लिही. आणि खरंच विचारते, 15 मे उलटली तर काम बंदीत बसतच नाही का? बंदी 31 जुलैपर्यंत असते. सुटे भाग यायला किती दिवस, काम किती दिवस?

मुद्द्यांबद्दल: ते मुद्दे नाहीत, जुनाच मेल आडवा कापून समोर टिंबं लावलीत. प्रत्येक मुद्दा साहेबांच्या मनातल्या एका प्रश्नाचं उत्तर हवा. ते काय विचारतील? मला वाटतं पहिला प्रश्न, "अजून एक सीझन नाही का ढकलता येणार?" दुसरा, "दुसरा 3.40 ला देतोय मग हा का?" ज्या प्रश्नावर तुझी विनंती अडेल तो सगळ्यात वर. टेक्निशियन कधी आला हे कोणीच विचारत नाहीये, ते काढ.

---

फाइलवाले_काका · 5 मे, संध्याकाळी 7.20

काढ काय काढ? उद्या वेंडरशी भांडण झालं तर?

---

वेर्णा_परचेस · 5 मे, संध्याकाळी 7.34

काका, फेकून नाही देत, खाली "पार्श्वभूमी" म्हणून दोन ओळीत तारखा राहू दे, सहीच्या वर. रेकॉर्डला मिळतील. एक विचारू? तुमचे साहेब लोक नोटशीट कुठून वाचायला लागायचे?

---

फाइलवाले_काका · 5 मे, संध्याकाळी 8.10

खरं सांगू? एक सेक्रेटरी होते, फाइल समोर आली की पान उलटून शेवटचा परिच्छेद आधी वाचायचे. प्रस्ताव पटला तर सही, शंका आली तर मग मागे जायचे. बाकीचेही थोडेफार तसेच.

पण मी अजून म्हणतो, फाइलमध्ये मूळ कागद समोरच लावलेला असतो, त्यामुळे संदर्भ आधी हवा हे सरकारी कामाला बरोबर आहे. खाजगी मेलचं तुम्ही बघा.

---

डेस्कवरचा · 5 मे, रात्री 8.25

म्हणजे काकांचे साहेब उलटी नोट सुलटी करूनच वाचत होते. 😀

---

पर्वरी_नाइटशिफ्ट · 5 मे, रात्री 11.50

ओके, सारांश चिकटवण्याबद्दल मान्य, आमच्याकडे पण खालचा भाग कोणी वाचत नाही, मग तो असतो कशाला हा प्रश्नच आहे. पण तीन ओळींचा मुद्दा मी सोडत नाही. आणि साहेबांना थेट "12 मेपर्यंत सोडावा" म्हणणं म्हणजे हुकूम वाटतो. क्लायंटला चालतं, मालकाला?

---

कुडचडे_फिटर · 6 मे, सकाळी 6.40

सुट्या भागांचं विचारलं कोणीतरी. तीन आठवडे धरा. काम 10 दिवस, मग ट्रायल 3 दिवस. पण एक लक्षात ठेवा, बंदीत सगळीच युनिटं एकदम काम काढतात, कुटबणपासून वास्कोपर्यंत. जुलैत मला पाच ठिकाणांहून फोन येतात आणि मी एकटा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगून ठेवा.

---

केप्याची · 6 मे, दुपारी 2.05

फिटर दादा देव बरें करूं, हे तर कामाचं निघालं!

हिशेब केला. 31 जुलैला ट्रायल संपायची तर काम 18 जुलैला सुरू व्हायला हवं, त्याच्या तीन आठवडे आधी ॲडव्हान्स, म्हणजे 27 जून. तेही अगदी काठावर. म्हणजे 12 मे ही काम बसण्याची शेवटची तारीख नाहीच, ती फक्त दराची आहे. मी दोन्ही गोष्टी एकत्र करून घाबरवत होते, मलाच कळलं नव्हतं.

प्लांट मॅनेजरांशी बोलून "प्लांट बंद" काढलं. अकाउंट्सना विचारलं, साहेबांनी मेलवर हो म्हटलं तर ॲडव्हान्स त्याच दिवशी जाईल, वेगळं पत्र नको. म्हणून आता साहेबांकडे एकच गोष्ट मागायची राहिली. तिसरा मसुदा:

> प्रति: साहेब. सीसी: प्लांट मॅनेजर, अकाउंट्स
>
> विषय: मंजुरी हवी 12 मेपर्यंत: कॉम्प्रेसर 2 ओव्हरहॉल, 4.54 लाख
>
> साहेब, नमस्कार.
>
> कॉम्प्रेसर 2 चा ओव्हरहॉल जूनमध्ये, मासेमारी बंदीत करून घ्यावा असं प्लांट मॅनेजरांचं आणि माझं मत आहे. त्यासाठी 3,85,000 अधिक जीएसटी, एकूण 4,54,300 रुपयांच्या पीओला तुमची मंजुरी 12 मेपर्यंत हवी आहे. याच मेलवर "मंजूर" एवढं उत्तर पुरेल, 50 टक्के ॲडव्हान्स (2,27,150) अकाउंट्स त्याच दिवशी सोडतील.
>
> - आणखी एक सीझन ढकलणं धोक्याचं आहे. तेल आठवड्याला 1 लिटर लागायचं ते 4 लिटर लागतं, ब्लास्ट फ्रीझरची बॅच 8 तासांवरून 11 तासांवर गेली आहे. ऑगस्टमध्ये हा बंद पडला तर फ्रीझिंग एकाच कॉम्प्रेसरवर येईल.
> - जूनमध्ये माल कमी असतो, कोल्ड स्टोअर एका कॉम्प्रेसरवर सांभाळता येतं. 1 ऑगस्टपासून दोन्ही लागतात.
> - दुसरं कोटेशन 3,40,000 चं आहे, पण त्यात बेअरिंग धरलेलं नाही आणि सुटे भाग सहा आठवड्यांनी मिळतील.
> - हा दर 15 मेपर्यंतच आहे. उशीर झाला तरी 27 जूनपर्यंत ॲडव्हान्स गेल्यास काम बंदीत बसू शकतं, मात्र तेव्हा दर आणि फिटर दोन्ही मिळतील याची खात्री नाही.
>
> पार्श्वभूमी: तेलाची तक्रार 11 मार्च, टेक्निशियनची तपासणी 20 मार्च. दोन्ही कोटेशन सोबत.

---

वेर्णा_परचेस · 6 मे, रात्री 9.15

पाठव. आधी एक चाचणी मात्र कर, विषय आणि पहिला परिच्छेद ठेवून बाकी हाताने झाक आणि घरातल्या कोणाला तरी वाचायला दे. कॉम्प्रेसर काय ते माहीत नसलेला माणूसच हवा. कोणी काय कधीपर्यंत करायचंय ते त्याने सांगितलं पाहिजे.

@नाइटशिफ्ट तीन ओळीत 27 जूनचा मुद्दा बसवून दाखव. मला तो मेलमधला सगळ्यात चांगला मुद्दा वाटतो, कारण तो तिच्या मागणीच्या विरुद्ध जाणारी गोष्ट पण सांगतो, वाचणाऱ्याला विश्वास बसतो. लांबी किती हे महत्त्वाचं नाही, वाचणारा कुठेही थांबला तरी त्याच्या हातात मागणी असली म्हणजे झालं. आणि हुकमाचं म्हणशील तर "माझं मत आहे" आणि "तुमची मंजुरी हवी" यात हुकूम कुठे आहे? "सोडावा" होतं तेव्हा होता.

@मोरजी_होमस्टे तुमचं प्रकरण वेगळं आहे. इथे साहेबांना निर्णय घ्यायचाय, तुमच्या पाहुण्याला निर्णय ऐकून घ्यायचा होता आणि तोही नको असलेला. तिथे आधी एक वाक्य माणुसकीचं आणि लगेच दुसऱ्या वाक्यात नकार, असं मी करते.

---

मोरजी_होमस्टे · 6 मे, रात्री 10.20

एक वाक्य की चार, त्याने स्टार तेवढाच दिला असता बहुतेक. 😐 पण तीन परिच्छेद गोड बोलून मग नाही म्हटलं तर लोक जास्त चिडतात हे पण खरं, तेही करून बघितलंय.

---

डेस्कवरचा · 6 मे, रात्री 10.41

तिसरा मुद्दा कच्चा आहे. "बेअरिंग धरलेलं नाही", मग धरलं तर किती? मी साहेब असतो तर तिथेच बोट ठेवलं असतं.

---

केप्याची · 7 मे, सकाळी 11.10

चाचणी दिरावर केली. तो म्हणाला, "तुझ्या साहेबांनी 12 तारखेच्या आधी साडेचार लाखांना हो म्हणायचंय, कसल्यातरी मशीनसाठी." पास!

सकाळी 9.20 ला पाठवला. डेस्कवरचा यांचा मेसेज मी पाठवून झाल्यावर वाचला. 10.05 ला साहेबांचं उत्तर आलं: "दुसऱ्याचं बेअरिंग धरून किती? तेवढं सांगा, मग बोलू." 🤦

---

डेस्कवरचा · 7 मे, सकाळी 11.25

🙂

---

फाइलवाले_काका · 7 मे, दुपारी 12.40

नोटेडपेक्षा प्रश्न बरा. निदान शेवटपर्यंत वाचलं म्हणायचं. आणि कोटेशन मागवतानाच दोघांना एकच यादी द्यायची असते बाय, तुलना तक्ता करायचा. हे मात्र सरकारी पद्धतीनेच बरोबर आलं असतं.

---

वेर्णा_परचेस · 7 मे, दुपारी 1.15

काकांना शंभर टक्के अनुमोदन. हे लिहिण्याचं नाही, कामाचंच भोक होतं. जुन्या मसुद्यात ते कोणाला दिसलंच नसतं.

उत्तर देताना पण तोच क्रम ठेव हं, आकडा पहिल्या वाक्यात. "वेंडरला फोन केला, ते म्हणाले" असं सुरू करू नकोस.

---

केप्याची · 9 मे, संध्याकाळी 5.50

अपडेट. दुसऱ्या वेंडरचं बेअरिंग धरून 3,78,000 होतंय, म्हणजे फरक फक्त 7,000 चा, आणि त्याचे सुटे भाग सहा आठवड्यांनीच. लिहिलं, "बेअरिंग धरून दुसऱ्याचे 3,78,000, फरक 7,000 चा, तरी पहिल्यालाच द्यावं असं मत आहे कारण तीन आठवडे वाचतात." उत्तर आलं, "मंजूर. 3.80 करायला सांगा." वेंडर 3.80 ला अजून तयार नाही, सोमवारी परत बोलणार आहे, 15 च्या आत काय होतं बघू. प्लांट मॅनेजरांचं म्हणणं, पाच हजारासाठी ताणू नको.

---

कुडचडे_फिटर · 9 मे, रात्री 8.30

जूनचा पहिला आठवडा धरून ठेवतो मग. पण तेल कुठलं घालता ते अजून सांगितलं नाही कोणी.

---

केप्याची · 9 मे, रात्री 8.52

उद्या ड्रमवरचं लेबल बघून सांगते दादा. पहिल्याच ओळीत. 😄